ऊसतोडीतून निघालेला प्रश्न आणि एनएफएचएसचा डेटा: एका एम. ए. प्रबंधाचा विषय कसा ठरला

एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विषयाच्या अर्जावर लिहिले होते: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची आर्थिक कारणे'. ती त्याच जिल्ह्यातली. दिवाळीनंतर गावातल्या घरांना कुलपे लागतात, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीने कारखान्याकडे निघतात, हे तिने जवळून पाहिलेले. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातले एक जण आजारी पडले की कोयता थांबतो आणि खाडा पडतो. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये म्हणून बायका पिशवी काढून घेतात, असे तिथे उघडपणे बोलले जाते. २०१९ मध्ये हा विषय वर्तमानपत्रांतून गाजला आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली.

विषय खरा होता आणि तिला तो मनापासून हवा होता. अडचण साधनांची होती. तिच्या हातात एक सत्र होते. गावोगाव फिरून आरोग्याविषयी इतके खासगी प्रश्न विचारायचे तर नैतिक मान्यता, प्रशिक्षित बायका आणि पैसा लागतो, आणि यातले काहीच नव्हते. म्हणून फुकट मिळणाऱ्या कुटुंब सर्वेक्षणांतून हा प्रश्न किती सोडवता येईल ते आधी पाहायचे ठरले. मार्गदर्शक म्हणून मी तिच्यासोबत जे केले ते इथे तपशिलाने लिहितो आहे. दरवर्षी निम्म्याहून अधिक विद्यार्थी याच टप्प्यावर अडकतात आणि मग 'महाराष्ट्रातील बेरोजगारी: एक अभ्यास' असला काहीतरी सुरक्षित विषय घेऊन मोकळे होतात, याचे मला फार वाईट वाटते.

शीर्षकातला प्रत्येक शब्द प्रश्नावलीत शोधायचा

पहिल्या दिवशी मी तिला एकही अहवाल वाचायला सांगितला नाही. प्रश्नावल्या उतरवून घ्यायला सांगितल्या. अहवालात सरकारला जे सांगायचे असते ते छापलेले असते. आपल्याला काय शोधता येईल, हे मात्र कोणता प्रश्न कोणाला, कोणत्या कालावधीबद्दल विचारला गेला यावर ठरते, आणि ते फक्त प्रश्नावलीत दिसते. तिच्या शीर्षकात तीन गोष्टी होत्या: ऊसतोड कामगार, बीड जिल्हा आणि गर्भाशयाची शस्त्रक्रिया. या तिन्ही एकाच बाईबद्दल एकाच फाइलमध्ये नोंदलेल्या असतील तरच ते शीर्षक टिकणार होते.

कामगारांचा विषय म्हणून ती आधी पीएलएफएसकडे वळली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे हे श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून चालते आणि त्याच्या मूळ नोंदी microdata.gov.in वर नोंदणी केली की मोफत मिळतात. २०२०-२१ च्या फेरीत स्थलांतराचे प्रश्नही होते, म्हणून तिला आशा वाटली. पण तिथे स्थलांतरित ठरवण्याची कसोटी आधीच्या 'नेहमीच्या राहत्या ठिकाणा'वर आधारलेली आहे, आणि नेहमीचे ठिकाण म्हणजे जिथे सहा महिने किंवा अधिक वास्तव्य असते किंवा राहण्याचा इरादा असतो ते. ऊसतोड कुटुंब पाच-सहा महिने बाहेर असते आणि मग आपल्या गावी परत येते. त्याचे नेहमीचे ठिकाण बदलतच नाही. म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक हंगामी स्थलांतर या व्याख्येच्या चाळणीतून खाली पडते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएसएसच्या, २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतराचा वेगळा प्रश्न होता: कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलात का? हा प्रश्न ऊसतोडीला बराच लागू पडतो, पण हंगाम लांबला की माणूस त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. शिवाय या दोन्ही सर्वेक्षणांत शस्त्रक्रियेबद्दल एक अक्षर नाही.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर २०१७-१८ ची ७५ वी एनएसएस फेरी मिळते. गेल्या ३६५ दिवसांत रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येकाचा आजार, रुग्णालय सरकारी की खासगी आणि खिशातून गेलेला खर्च असे सगळे त्यात आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खर्चाचे रकाने दिसले की हात शिवशिवतात. पण आजारांच्या यादीत पाळीच्या तक्रारींचा एक सांकेतिक क्रमांक आहे आणि उपचारांत 'शस्त्रक्रिया' असा एक रकाना आहे, एवढेच. ती शस्त्रक्रिया गर्भाशय काढण्याची होती की दुसरी कोणती, हे कळायला मार्ग नाही. त्यातही एका वर्षातल्या घटना, एक राज्य आणि एक तक्रार असे गाळत गेले की हाती अगदी थोड्या नोंदी उरतात.

उरले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस. मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते राबवते. २०१५-१६ ची चौथी आणि २०१९-२१ ची पाचवी फेरी, या दोन्हींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रीला थेट विचारले आहे: गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, किती वर्षांपूर्वी झाली, कुठे झाली आणि का झाली. उत्तर ती बाई स्वतः देते आणि प्रश्न बाईच विचारते. कुटुंबातल्या कोणीतरी सगळ्यांच्या वतीने उत्तरे देण्याच्या पद्धतीत असल्या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही, म्हणून हा फरक मोठा आहे. जिल्ह्याचा क्रमांकही फाइलमध्ये आहे. तिन्हींपैकी दोन गोष्टी सापडल्या.

तिसरी गोष्ट आणि कागदावरचा हिशेब

ती हरखून म्हणाली, "सर, व्यवसायाचा प्रश्नही आहे यात. शेतमजूर बायका वेगळ्या काढता येतील." प्रश्न आहे, पण तो सगळ्यांना विचारलेला नाही. एनएफएचएसच्या चौथ्या-पाचव्या फेरीत रोजगार, घरातले निर्णय आणि कौटुंबिक हिंसा हे विभाग फक्त सुमारे १५ टक्के कुटुंबांत विचारले गेले. त्याला 'स्टेट मॉड्यूल' म्हणतात. बाकी ८५ टक्के कुटुंबांतल्या बायकांसमोर तो रकाना रिकामा आहे. जे विद्यार्थी आधी फाइल उघडतात आणि प्रश्नावली नंतर पाहतात, त्यांना हे प्रतिगमन चालवल्यावर नमुना अचानक आकसला की कळते. काहींना तर तेव्हाही कळत नाही.

म्हणून संगणक सुरू करण्याआधी आम्ही कागदावर हिशेब मांडला. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. जिल्हे ३६. म्हणजे एका जिल्ह्यात सरासरी ९३८ स्त्रिया. देशभरात या वयोगटातल्या साधारण ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. तेच प्रमाण धरले तर बीडच्या नमुन्यात अशा स्त्रिया २८ ते ३० निघतील. बीडमध्ये प्रमाण तिप्पट आहे असे मानले तरी ८५-९०. आता व्यवसायाची अट घाला. ९३८ चे १५ टक्के म्हणजे सुमारे १४०. त्यांतल्या ३ टक्के म्हणजे चार, आणि तिप्पट धरल्या तरी बारा-तेरा. त्यांच्यातल्या शेतमजूर त्याहून कमी. आणि शेतमजुरांतल्या ऊसतोड करणाऱ्या कोणत्या, हे तर कुठेच नोंदलेले नाही.

एवढ्यावरच मूळ शीर्षक संपले. डेटा उतरवून तीन आठवडे साफसफाई केल्यानंतरही याच आकड्यांपाशी ती पोहोचली असती. मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून हा हिशेब करून घेतो. आपल्या शीर्षकातला सर्वांत छोटा कप्पा कोणता आणि त्यात अंदाजे किती माणसे पडतील, हे अहवालातल्या आकड्यांवरून गुणाकार करून काढता येते. कप्प्यात शंभराच्या आत माणसे असतील तर त्या कप्प्याची तुलना दुसऱ्याशी करण्याचा नाद सोडावा.

अनिश्चितता किती, हेही मी तिला काढून दाखवले. ९३८ स्त्रियांत ३ टक्के प्रमाण असेल तर साध्या सूत्राने प्रमाण त्रुटी ०.५६ टक्के-बिंदू येते. पण एनएफएचएसमध्ये आधी गाव किंवा वस्ती निवडतात आणि मग तिथली २२ कुटुंबे घेतात. एकाच गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, एकाच डॉक्टरकडे जातात, म्हणून खरी त्रुटी यापेक्षा जास्त असते. या गुच्छामुळे विचरण दीडपट होते असे धरले तर त्रुटी ०.६८ वर जाते, आणि ९५ टक्के विश्वासाची कक्षा साधारण १.७ ते ४.३ अशी पसरते. बीडचे ३ आणि शेजारच्या जिल्ह्याचे ४ असे आकडे आले, तर त्यांत फरक आहे असे म्हणताच येणार नाही.

जी घरे बंद असतात

नमुन्याच्या आकारापेक्षाही मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. एनएफएचएसचे पथक गावात आले की आधी घरांची यादी करते, त्यातून कुटुंबे निवडते आणि आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्या स्त्रियांची मुलाखत घेते. ऊसतोड कुटुंब हंगामात फडाजवळच्या कोपीत असते. त्या कोप्या यादीत येण्याची शक्यता कमी आणि गावातल्या घराला कुलूप. म्हणजे अभ्यासाच्या केंद्रस्थानी असलेली बाई दोन्हीकडून निसटते. कितीही वजने लावली तरी ती परत येत नाही. वजने विचारलेल्यांचे प्रमाण सुधारतात, न सापडलेल्यांना ओळखत नाहीत.

महाराष्ट्रातली पाचव्या फेरीची मुलाखतींची कामे २०१९ च्या उत्तरार्धात झाली. याचे दोन परिणाम होतात. चांगला परिणाम असा की ती करोनाच्या आधी संपली. काही राज्यांची फेरी टाळेबंदीने दोन तुकड्यांत मोडली, ती कटकट इथे नाही. अडचण अशी की त्या सहा-सात महिन्यांचा शेवटचा भाग हंगामात पडतो. मुलाखतीचा महिना फाइलमध्ये v006 या नावाने असतो. त्यामुळे पावसाळ्यात झालेल्या आणि दिवाळीनंतर झालेल्या मुलाखती वेगळ्या करून, दुसऱ्या गटात भूमिहीन कुटुंबांचे प्रमाण घसरते का हे पाहता येते. शेतजमीन आहे की नाही हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला असतो, कुटुंबाच्या फाइलमध्ये hv244. घसरण दिसली तर लोक गावाबाहेर असल्याची ती खूण. अर्थात पथके एका भागातून दुसऱ्या भागात सरकत जातात, त्यामुळे महिना बदलला की गावेही बदलतात. ही तपासणी संशय दाखवू शकते, निकाल देऊ शकत नाही. तिने ती प्रबंधात ठेवली ती याच मर्यादेसह.

या त्रुटीची दिशा मात्र सांगता येते, आणि ती सांगितलीच पाहिजे. गैरहजर कुटुंबांतल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण खरोखर जास्त असेल, तर एनएफएचएसमधला बीडचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असणार. म्हणून या डेटात बीड वेगळे दिसले नाही तर 'बीडमध्ये प्रश्नच नाही' असा निष्कर्ष कोणी काढू नये. हे वाक्य प्रस्तावातच लिहायला मी तिला सांगितले, निकाल हाती येण्याच्या आधी.

आजचे कारण, दहा वर्षांपूर्वीची घटना

मूळ विषय गेला तरी प्रश्नाचा गाभा शिल्लक होता: गरीब, कष्टकरी बाईचे गर्भाशय इतक्या लवकर का काढले जाते? तिने दुसरा प्रस्ताव आणला. संपूर्ण महाराष्ट्र घ्यायचा, शस्त्रक्रिया झाली की नाही हे फलित धरायचे आणि कारणे म्हणून संपत्ती निर्देशांक, आरोग्य विमा, शिक्षण, जात आणि जमीन लावायची. राज्यभरात हजाराच्या आसपास अशा स्त्रिया मिळतील, म्हणजे संख्येची अडचण मिटली. असे प्रबंध पुष्कळ होतात. मी तरीही तो परत पाठवला.

एक उदाहरण घेऊ. मुलाखतीच्या दिवशी बाई ३८ वर्षांची आहे आणि शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी, म्हणजे ३२ व्या वर्षी झाली. तिच्याकडे आज विमा कार्ड आहे. ते शस्त्रक्रियेच्या वेळी होते का? माहीत नाही. कदाचित त्या खर्चाने पोळल्यावर कुटुंबाने ते काढले असेल. तिची आजची संपत्ती कमी आहे. गरिबीमुळे शस्त्रक्रिया झाली, की शस्त्रक्रियेच्या कर्जामुळे गरिबी आली? जमिनीचेही तेच. एखादा गुंठा विकून दवाखान्याचे बिल भरलेले असू शकते. एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणात चालू स्थिती सांगणारे प्रत्येक चल असेच फसवते. फलित भूतकाळातले आणि कारण वर्तमानातले, अशी उलटी जोडी जमते, आणि सॉफ्टवेअर तिला बिनतक्रार तारांकित गुणांक देऊन टाकते.

मग काय वापरता येईल? जे शस्त्रक्रियेच्या आधी ठरले होते तेवढेच. शिक्षण बहुतेक ग्रामीण स्त्रियांचे विशीच्या आत थांबलेले असते. जात बदलत नाही. जन्मवर्ष ठाऊक आहे. आणि एनएफएचएसमध्ये एक खजिना आहे तो म्हणजे जन्म-इतिहास. प्रत्येक अपत्याची जन्मतारीख नोंदलेली असते. त्यावरून पहिल्या बाळंतपणाचे वय आणि बाईच्या प्रत्येक वर्षी तिला किती मुले होती, हे बांधता येते. ही माहिती घटनेच्या आधीचीच असते, कारण गर्भाशय गेल्यावर मूल होत नाही.

त्यामुळे विश्लेषणाचे एककच बदलले. एक बाई म्हणजे एक नोंद, याऐवजी एका बाईचे एक वर्ष म्हणजे एक नोंद. ३२ व्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली बाई २० ते ३२ अशा तेरा ओळी देते आणि शेवटच्या ओळीत घटना घडते. आज ३० वर्षांची, शस्त्रक्रिया न झालेली बाई २० ते ३० अशा अकरा ओळी देते आणि तिची गोष्ट तिथे अपूर्ण थांबते. तरुण बायकांना अजून ती वेळ आलेली नाही, ही गोष्ट साध्या 'हो-नाही' प्रतिगमनात वयाचे चल टाकून झाकली जाते. इथे ती मुळातूनच हाताळली जाते. स्टेटा या सॉफ्टवेअरमध्ये एवढेच करायचे:

```
gen vay_op = v012 - varshe_zali
gen shevat = cond(op==1, vay_op, v012)
drop if shevat < 20 | missing(shevat)
expand shevat - 19
bysort feri caseid: gen vay = 19 + _n
gen ghatna = (op==1 & vay==vay_op)
drop if vay >= 40
```

यात `op` आणि `varshe_zali` ही तिने मूळ प्रश्नांवरून बनवलेली चले आहेत. `feri` का, तर दोन फेऱ्या एकत्र केल्या की `caseid` पुन्हा येऊ शकतो आणि दोन वेगळ्या बायका एकाच बाईत मिसळतात. ही चूक कोणताही लाल इशारा देत नाही. मग `ghatna` वर लॉजिट चालवले की दर वर्षीचा धोका मिळतो.

`op` बनवताना रिकाम्या रकान्यांचा अर्थ लावावा लागतो. प्रश्नावलीत एखाद्या उत्तरावरून पुढचा प्रश्न वगळण्याचा बाण असतो. पाळी नियमित चालू असलेल्या बाईला गर्भाशय काढले का हे विचारण्याची गरज नसते, तेव्हा बाणाने वगळलेल्या जागी रिकामा रकाना असला तर तो 'नाही' समजायचा. स्टेट मॉड्यूलमधला रिकामा रकाना मात्र 'विचारलेच नाही' असा आहे, तिथे काहीच समजायचे नाही. स्टेटात रिकामा रकाना टिंबाने दिसतो, आणि दिसायला दोन्ही टिंबे सारखीच. पहिल्या प्रकारातल्या बायका वगळल्या तर प्रमाण कैक पटींनी फुगते, आणि तो आकडा अहवालाशेजारी ठेवला की लगेच पकडला जातो.

आठवणीचा प्रश्न उरतोच. 'किती वर्षांपूर्वी' विचारले की लोक पाच आणि दहा या आकड्यांकडे झुकतात. `varshe_zali` ची वारंवारता काढली की ५ आणि १० वर टेकड्या उभ्या राहिलेल्या दिसतात का, ते पाहायचे. असतील तर एकेका वयाऐवजी २०-२४, २५-२९, ३०-३४, ३५-३९ असे गट घ्यायचे. नेमके वय चुकले तरी गट बहुधा चुकत नाही.

बीडला परत कसे आणायचे

ती बीड सोडायला तयार नव्हती, आणि तिचे बरोबर होते. सर्व महाराष्ट्राची सरासरी काढून ऊसतोडीबद्दल काहीच कळत नाही. एका जिल्ह्यात संख्या पुरत नाही, पण ऊसतोड मजूर पाठवणाऱ्या जिल्ह्यांचा एक गट केला तर पुरते. पाच जिल्हे घेतले तर पाचव्या फेरीतूनच सुमारे ४,७०० स्त्रिया मिळतात. वरच्याच हिशेबाने त्रुटी ०.६८ वरून ०.३० वर येते आणि ३ व ४ टक्क्यांतला फरक धरता येऊ लागतो. चौथी फेरी जोडली की आणखी बळ मिळते.

गट कोणता हे मात्र डेटा पाहण्याच्या आधी, बाहेरच्या माहितीवरून ठरवायचे. ज्या जिल्ह्यांत प्रमाण जास्त दिसेल ते 'ऊसतोड जिल्हे' म्हणायचे आणि मग ऊसतोड जिल्ह्यांत प्रमाण जास्त आहे असा शोध लावायचा, असे नकळत होऊन जाते. खरी पंचाईत अहमदनगरची होती. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून मजूर बाहेर जातात, तर उत्तरेकडच्या साखरपट्ट्यात मजूर येतात. एनएफएचएसमध्ये तालुका नाही. म्हणून तिने नगर धरून आणि नगर वगळून, असे दोन्ही निकाल देण्याचे आधीच लिहून ठेवले. मला हा तिच्या प्रस्तावातला सर्वांत प्रामाणिक परिच्छेद वाटतो.

दोन फेऱ्या जोडताना जिल्ह्यांच्या सीमाही जुळवाव्या लागतात. चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर आहे, त्यामुळे २०१४ मध्ये वेगळा झालेला पालघर तिच्यात ठाण्यातच आहे. पाचवीत तो स्वतंत्र आहे. दोन्हीकडे ठाणे-पालघर एकत्र केले की काम भागते. नावेही फाइलमध्ये जुनीच मिळतात: उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर.

हे सगळे झाल्यावरही गटाचा गुणांक 'ऊसतोडीचा परिणाम' म्हणून वाचता येत नाही. त्या जिल्ह्यांत लग्ने लवकर होतात, दुष्काळ असतो, खासगी दवाखान्यांची वस्ती वेगळी असते. शिक्षण, जात, पहिल्या बाळंतपणाचे वय आणि मुलांची संख्या लक्षात घेतल्यावरही त्या पट्ट्यात राहणाऱ्या स्त्रीचा चाळिशीआधीचा धोका जास्त उरतो का, इतकेच विचारता येते. उरला तर पुढच्या संशोधकाला कुठे खणायचे ते कळेल. न उरला तर लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण हाच दुवा मोठा असण्याची शक्यता पुढे येते, आणि तोही निकाल मोलाचा आहे.

'यात अर्थशास्त्र कुठे आहे?'

विभागातल्या सादरीकरणात हा प्रश्न येणारच होता. त्याचे उत्तर दुसऱ्या प्रकरणात आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी कोणाची खासगीत झाली आणि कोणाची सरकारीत, आणि सांगितलेले कारण काय. देशपातळीवर या शस्त्रक्रियांपैकी बहुतांश खासगी रुग्णालयांत झालेल्या आहेत आणि अतिरक्तस्राव हे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण आहे. त्यावर गोळ्या किंवा इतर उपचार आधी करून पाहता येतात. आरोग्य अर्थशास्त्रात यासाठी पुरवठादार-प्रेरित मागणीचा सिद्धांत आहे. डॉक्टरला आजाराची माहिती जास्त आणि शस्त्रक्रियेतून उत्पन्नही त्यालाच, अशा वेळी रुग्णाची 'मागणी' अंशतः डॉक्टरच घडवतो. माहितीची दरी जितकी मोठी, तितकी ही शक्यता जास्त. म्हणून कमी शिकलेल्या स्त्रियांत, खासगीत आणि तुलनेने सौम्य कारणासाठी शस्त्रक्रिया जास्त होते का, हे पडताळता येते.

पण वैद्यकीय गरज किती होती हे डेटात नाही. 'कारण' म्हणून बाई जे सांगते ते बहुधा डॉक्टरने तिला सांगितलेले असते. त्यामुळे निकाल सिद्धांताशी सुसंगत आला तरी तो सिद्धांत सिद्ध होत नाही, आणि एखाद्या डॉक्टरवर आरोप तर अजिबात होत नाही. खाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा मुद्दा तिला फार जवळचा होता, पण पाळीमुळे किती दिवस काम बुडाले हे या सर्वेक्षणात कोणीच विचारलेले नाही. तो प्रस्तावनेत प्रेरणा म्हणून राहिला आणि गृहीतकांच्या यादीतून निघाला. हे तिला जड गेले. मलाही गेले असते.

फाइल हातात आल्यावर पहिला दिवस

एनएफएचएसच्या नोंदी डीएचएस प्रोग्रामच्या संकेतस्थळावर, प्रकल्पाचे छोटे वर्णन लिहून नोंदणी केली की मोफत मिळत आल्या आहेत. पण तो कार्यक्रम अमेरिकेच्या निधीवर चालत होता आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निधी थांबला तेव्हा नवे अर्ज घेणेही थांबले. म्हणून मी आता विद्यार्थ्यांना सांगतो की विषयाचा अर्ज भरण्याच्या आधी डेटाचा अर्ज करा, आणि फाइल आपल्या संगणकावर उतरल्याशिवाय शीर्षक पक्के समजू नका. 'मोफत' आणि 'आज मिळणारा' यांत कधीकधी एक सत्र निघून जाते.

फाइल आल्यावर पहिले काम एकच: अहवालात छापलेला आकडा स्वतः काढून दाखवायचा. फाइलमध्ये फक्त महाराष्ट्राच्या स्त्रिया ठेवून मोजल्या की ३३,७५५ आल्या पाहिजेत. मग वजन लावून राज्याचे शस्त्रक्रियेचे प्रमाण राज्य अहवालाशी दशांशापर्यंत जुळले पाहिजे.

```
gen wt = v005/1000000
svyset v021 [pweight=wt], strata(v023)
svy: mean op
```

स्तराचे चल v022 घ्यायचे की v023, हे त्या-त्या फेरीच्या दस्तऐवजात पाहून ठरवायचे. मोजणी जुळली आणि प्रमाण जुळले नाही, तर बहुतेक वेळा वजन विसरलेले असते किंवा रिकाम्या रकान्यांचा अर्थ चुकलेला असतो. प्रमाण जुळले पण प्रमाण त्रुटी फारच लहान आली, तर गुच्छाचे चल लावलेले नसते. जुळेपर्यंत पुढची एकही आज्ञा चालवायची नाही, असा आमचा करार होता.

शेवटी अर्जावर गेलेले शीर्षक असे: 'शिक्षण, पहिल्या बाळंतपणाचे वय आणि चाळिशीआधीची गर्भाशय शस्त्रक्रिया: महाराष्ट्रातील ऊसतोड मजूर पाठवणाऱ्या व इतर जिल्ह्यांची तुलना, एनएफएचएस-४ व ५'. ऊसतोड बाई त्यात थेट नाही, कारण तिला ओळखणारा रकाना या डेटात नाही. तिच्या जिल्ह्यांचा पट्टा आहे, आणि तिच्यासारख्याच शाळेतून लवकर काढलेल्या, लवकर आई झालेल्या बायका आहेत. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रिया एनएफएचएसमध्ये येतच नाहीत. त्यांच्यासाठी ४५ च्या पुढच्या वयाचे, २०१७-१८ मध्ये पहिली फेरी झालेले लासी सर्वेक्षण आहे. त्यातही गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न आहे, आणि ते त्याच देवनारच्या संस्थेकडून मागणी करून मिळते. तिच्यानंतर आलेल्या एका विद्यार्थ्याने सध्या त्याची प्रश्नावली उतरवून घेतली आहे.